‘दरवर्षी बसून बोलू’ हे कलम नव्हे

ताई, नमस्कार. नाशिकमध्ये माझी छोटी आयटी सपोर्ट संस्था आहे. एप्रिल २०२३ मध्ये सातपूरच्या एका कारखान्याशी तीन वर्षांचा रिटेनर केला, महिना ८५,००० रुपये, दर कायम. तेव्हा त्यांचे ६० संगणक होते, आता ७८ आहेत. या कामावरच्या दोन इंजिनिअरांचा पगार मिळून ४८,००० होता, तो ५७,००० झाला. पेट्रोल-फोन, रिमोट सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि ऑफिसचा वाटा मिळून १९,००० होते, ते २१,५०० झाले. करार ३१ मार्चला संपतोय. त्यांना आता पाच वर्षांचा हवा आहे. मी दरवर्षी वाढीचं कलम मागितलं, तर खरेदी व्यवस्थापक म्हणाले, ‘कलम कशाला? दरवर्षी मार्चमध्ये बसून बोलू, परस्पर संमतीनं ठरवू.’ माणूस चांगला आहे. मी दहा टक्के लिहून मागावेत का? की महागाईच्या आकड्याला जोडावं? जास्त ताणलं तर काम जाईल अशी भीती वाटते.
– एक वाचक, नाशिक

नमस्कार.

मी अठरा वर्षं खरेदी विभागात काढली. म्हणजे तुमच्या या व्यवस्थापकांच्याच खुर्चीत. ‘दरवर्षी बसून बोलू’ हे वाक्य मीही अनेकांना ऐकवलं आहे. त्यात कपट नसतं, पण सोय असते, आणि ती सोय खरेदीदाराची असते. मार्च महिना हा कुठल्याही खरेदी विभागात वर्षअखेरीच्या धावपळीचा. तुमचा फोन आला की ‘एप्रिलमध्ये बघू’, एप्रिलमध्ये ‘नवं बजेट लागलं, आता पुढच्या वर्षी’. आणि तो चांगला माणूस पाच वर्षं त्याच खुर्चीत असेल याची हमी कोण देणार? त्याच्या जागी आलेल्याला तुमचं बोलणं माहीत नसतं, त्याच्यासमोर फक्त कागद असतो.

कागदावर ‘परस्पर संमतीनं’ असं लिहिलं असेल तर त्याचा कायदेशीर अर्थ एवढाच, की संमती मिळाली नाही तर जुना दर चालू. करार झाल्यावर दोघांनी मिळून तो बदलण्याची मुभा करार कायद्यात आधीपासूनच आहे, त्यासाठी वेगळं कलम लागत नाही. म्हणजे ते वाक्य लिहून तुम्हाला नवीन काहीच मिळत नाही. आणि खर्च फार वाढला म्हणून न्यायालय दर वाढवून देईल, ही आशाही ठेवू नका. सैन्यासाठी तूप खरेदी करून देणाऱ्या एका एजंट कंपनीचा जुना खटला आहे. करार १९३७ चा, पुढे महायुद्ध आलं, सगळी परिस्थिती पालटली, आणि ठरल्यापेक्षा जास्त मोबदला मिळावा म्हणून ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६० मध्ये निकाल लागला: काम करणं महाग किंवा जड झालं म्हणून करारातल्या अटी बाजूला ठेवता येत नाहीत. महायुद्धानं जिथे दर वाढला नाही, तिथे इंजिनिअरांच्या पगारवाढीनं तो वाढणार नाही.

तेव्हा कलम हवंच. पण कलमाच्या आधी एक गोष्ट आहे, जी तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे निघून गेलात. साठ संगणकांचे अठ्ठ्याहत्तर झाले.

८५,००० ला ६० नं भागा. एका संगणकामागे महिन्याला साधारण १,४१७ रुपये. आता ७८ नं भागा, ते होतात १,०९०. दर ‘कायम’ होता असं तुम्ही म्हणता, पण खरं तर तो तीन वर्षांत तेवीस टक्क्यांनी उतरला आहे. तो महागाईनं उतरवला नाही, कामाच्या वाढीनं उतरवला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची कलमंही वेगळी लागतात. वार्षिक वाढीचं कलम एकाच कामाचा वाढता खर्च भरून काढतं. काम वाढलं तर त्यासाठी संख्येचं कलम हवं. दोन्ही एकात कोंबून ‘दहा टक्के द्या’ म्हटलं की समोरच्याला ते हावरटपणाचं वाटतं आणि तुम्हालाही त्याचं समर्थन करता येत नाही. तुमचा दहाचा आकडा असाच आला असणार. नुकसान दिसतंय, त्याचं कारण सुटं केलेलं नाही, म्हणून एक गोल आकडा.

आता पायाचा दर ठरवू. वाढीचं कलम कितीही चांगलं लिहिलं तरी ते शिळ्या दरावर बसवलं तर ती तूट पाच वर्षं तशीच पुढे सरकत राहते. २०२३ मध्ये तुमचा खर्च ६७,००० होता आणि हातात १८,००० उरत होते, म्हणजे शुल्काच्या सुमारे एकवीस टक्के. आज खर्च ७८,५०० आहे आणि उरतात फक्त ६,५००. या एप्रिलमध्ये पगार पुन्हा वाढतील. गेल्या दोन वर्षांत तुम्ही वर्षाला सुमारे नऊ टक्के वाढ दिली आहे, त्या हिशेबानं दोघांचे मिळून ६२,००० होतील. बाकीचा खर्च २२,५०० धरू. एकूण ८४,५००. म्हणजे जुन्याच ८५,००० वर सही केलीत तर पहिल्या दिवसापासून तुम्ही फुकट काम करणार आहात, आणि वर सात टक्के वाढ मिळाली तरी ती पगारवाढच खाऊन टाकेल.

सुरुवातीला होता तेवढा एकवीस टक्के नफा धरला, तर ८४,५०० ला ०.७९ नं भागायचं. उत्तर जवळपास १,०७,०००. हाच तुमचा १ एप्रिल २०२६ चा पायाचा दर. ८५ वरून थेट १०७ ऐकून व्यवस्थापक दचकतील, आणि तिथेच ७८ चा आकडा कामाला येतो. १,०७,००० ला ७८ नं भागलं तर संगणकामागे १,३७२ रुपये होतात. तीन वर्षांपूर्वी ते १,४१७ देत होते. म्हणजे नवा दरसुद्धा जुन्यापेक्षा कमीच आहे. हा मुद्दा ई-मेलमध्ये सगळ्यात वर ठेवा. मी खुर्चीत असताना पुरवठादार महागाईचं रडगाणं घेऊन यायचे, तेव्हा माझ्याकडे उत्तरं तयार असायची. कुणी माझ्याच कंपनीची मोजणी पुढे ठेवली की मात्र मला साहेबांकडे जावंच लागायचं, कारण आता तो कागद घेऊन मला साहेबांना काहीतरी सांगता येत असे.

संख्येसाठी एक साधं वाक्य पुरेल: हे शुल्क ८० संगणकांपर्यंत, त्यापुढच्या प्रत्येक संगणकाला महिन्याला इतके रुपये, मोजणी दर तिमाहीच्या पहिल्या दिवशी. या ज्यादा संगणकाच्या दरालाही वार्षिक वाढ लागू होईल, एवढं विसरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न: किती टक्के, आणि कशाला जोडून.

तुमच्या खर्चात ७३ टक्के पगार आहेत. पगार नऊ टक्क्यांनी वाढतात, उरलेला सव्वीस-सत्तावीस टक्के खर्च पाचच्या आसपास. दोन्हींचा त्या-त्या वाट्यानं हिशेब केला तर तुमचा खर्च वर्षाला सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. हा तुमचा स्वतःचा महागाई दर. वर्तमानपत्रात येतो तो नव्हे. शुल्कही आठ टक्क्यांनी वाढलं तर नफ्याचं प्रमाण एकवीस टक्केच राहील. सव्वासहाच्या आसपास वाढलं तर प्रमाण घटेल, पण रुपयांत नफा जवळपास तेवढाच राहील. म्हणून मागताना आठ मागा, सातवर समाधान माना, सहाच्या खाली उतरू नका.

सातवर काय होतं ते पाहा. पाचव्या वर्षी शुल्क १,४०,००० च्या थोडं वर जातं, खर्च १,१५,००० च्या आसपास, हातात पंचवीस हजार. प्रमाणात थोडं झिजलात, पण उभे आहात. वाढ शून्य असेल तर चौथ्या वर्षीच खर्च १,०६,४०० होतो आणि शुल्क १,०७,०००. पाचव्या वर्षी दरमहा आठ हजार पदरचे घालून तुम्ही त्यांचे संगणक सांभाळाल. आणि दहा टक्के मिळाले असते तर? पाचव्या वर्षी शुल्क १,५६,००० च्या पुढे. तेव्हा कुठलाही शहाणा खरेदीदार बाहेरून तीन कोटेशनं मागवील, आणि कोटेशन देणारा नवा माणूस तुमच्यापेक्षा स्वस्त असेल. वाढ फार जास्त लिहून घेतली की करारच लवकर मोडतो, ही बाजूही ध्यानात असू द्या. तुमची भीती अगदीच अनाठायी नाही, फक्त ती सात टक्क्यांना लागू नाही.

महागाईच्या निर्देशांकाला जोडण्याची कल्पना ऐकायला न्याय्य वाटते. मोठ्या पुरवठा करारांत ती चालते. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतही अठरा महिन्यांहून लांब करारांत दरबदलाचं कलम घालता येतं, त्यासाठी सूत्रं असतात, कच्च्या मालाचा आणि मजुरीचा वेगवेगळा निर्देशांक असतो. (हा नियम तुमच्या व्यवस्थापकांना जाता जाता सांगायला हरकत नाही. ‘सरकारही देतं’ या वाक्याला आपल्याकडे वजन आहे.) पण तुमच्यासारख्या कामाला मी निर्देशांक सुचवत नाही, आणि त्याचं कारण ताजं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के नोंदला गेला. ते प्रामुख्यानं भाज्या आणि अन्नधान्य स्वस्त झाल्यामुळे. कांदे-टोमॅटो स्वस्त झाले म्हणून तुमच्या इंजिनिअरनं पगारवाढ मागायचं थांबवलं का? ही महागाई ज्यावरून मोजतात तो ग्राहक किंमत निर्देशांक घरखर्चाच्या टोपलीचा भाव सांगतो, आणि त्या टोपलीत अन्नाचा वाटा मोठा असतो. तुमच्या खर्चात माणसं आहेत, टोमॅटो नाहीत.

घाऊक किमतींच्या निर्देशांकाला तर हातही लावू नका. त्यात सेवा मोजल्याच जात नाहीत, आणि त्याचा वार्षिक बदल उणे जाऊ शकतो. २०२३ मध्ये एप्रिलपासून काही महिने तो उणेच होता. कलमात नुसतं ‘निर्देशांकाप्रमाणे बदल’ असं लिहिलं असतं तर त्या वर्षी खरेदी विभागानं तुमच्याकडे दरकपात मागितली असती, आणि करारानुसार ती बरोबर ठरली असती.

तरीही त्यांच्या वित्त विभागानं निर्देशांकाचाच आग्रह धरला, तर औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, कारण कारखान्यातल्या लोकांना तो महागाई भत्त्यामुळे ओळखीचा असतो. आणि त्याला खालून-वरून कड बांधा: सहा टक्के किंवा निर्देशांकातली वाढ, यांपैकी जे जास्त असेल ते, पण नऊहून अधिक नाही. कोणत्या महिन्याचा आकडा, हेही लिहावं लागतं. एखाद्या महिन्याचा निर्देशांक पुढच्या महिन्याच्या अखेरीस जाहीर होतो, त्यामुळे १ एप्रिलला मार्चचा आकडा हातात नसतो आणि कलम अडकून पडतं. जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांची सरासरी घेतली तर ती फेब्रुवारीपर्यंत निश्चित हातात येते आणि एखाद्या विचित्र महिन्याचा फटकाही बसत नाही.

आणखी एक खड्डा. ऑगस्ट २०२० मध्ये हा निर्देशांक ३३८ होता आणि सप्टेंबरमध्ये ११८.१. भाव कोसळले नव्हते, आधारवर्ष २००१ वरून २०१६ केलं होतं. जुन्याशी जोडण्यासाठी २.८८ हा गुणांक सरकारनं दिला होता. ज्यांच्या कलमात ‘आधारवर्ष बदलल्यास अधिकृत जोड गुणांक वापरला जाईल’ हे वाक्य नव्हतं, त्यांच्यासाठी नुसता आकडा वाचणाऱ्या हिशेबनीसाशी वाद घालायची सोय झाली. पाच वर्षांच्या करारात हे पुन्हा घडू शकतं.

एवढं सगळं लिहावं लागतं, हाच निर्देशांकाविरुद्धचा मोठा मुद्दा आहे. पण माझ्या लेखी त्याहून मोठा मुद्दा निराळाच आहे, आणि तो कलमात नसतो, पर्चेस ऑर्डरमध्ये म्हणजे पीओमध्ये असतो.

नोकरी सोडून मी स्वतःचं सल्लागारीचं काम सुरू केलं तेव्हाची गोष्ट. पहिलाच मोठा रिटेनर, तीन वर्षांचा. करारात सहा टक्के वार्षिक वाढ, मीच लिहिलेली, अगदी देखणी. पीओ मात्र एकाच ओळीची निघाली: सल्लासेवा, छत्तीस महिने, दर इतका. दुसऱ्या वर्षी मी वाढीव दरानं बिल पाठवलं तर लेखा विभागानं परत केलं, कारण त्यांच्या संगणकात पीओच्या दराहून जास्त रक्कम चढतच नव्हती. खरेदीवाले म्हणाले, सुधारित पीओ काढतो, तोवर जुन्या दरानं बिल द्या म्हणजे पैसे अडकणार नाहीत. मी दिली. एक नाही, चौदा बिलं. मग त्यांचा हिशेबनीस म्हणाला, तुम्ही चौदा महिने जुना दर स्वीकारलात, म्हणजे वाढ सोडून दिलीत. त्यात पीओच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं की करार आणि पीओ यांत तफावत असल्यास पीओ ग्राह्य. अठरा वर्षं मी स्वतः तीच छापील ओळ इतरांना पाठवत होते. अर्ध्यावर तडजोड झाली. बाकीचं सोडून दिलं.

तेव्हा टक्का ठरवून न थांबता रकमा मांडा. ठरावीक टक्क्याचा खरा फायदा हाच, की पाचही वर्षांचे आकडे आजच लिहिता येतात. सात टक्क्यांनी, शंभरात गोल करून: २०२६-२७ साठी महिना १,०७,०००, पुढच्या वर्षी १,१४,५००, मग १,२२,५००, मग १,३१,१०० आणि शेवटच्या वर्षी १,४०,३००. हा तक्ता कराराचं परिशिष्ट होईल, आणि पीओमध्येही पाच ओळी मागायच्या, प्रत्येक ओळीला तिचं वर्ष आणि तिचा दर. एकदा त्या ओळी त्यांच्या प्रणालीत चढल्या की १ एप्रिल २०२७ ला कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. निर्देशांकाच्या कलमात हे शक्यच नसतं, तिथे दरवर्षी नवी दुरुस्ती, नवी मंजुरी आणि पुन्हा तेच ‘एप्रिलमध्ये बघू’. काही कंपन्या पाच वर्षांची पीओ काढतच नाहीत, दरवर्षी नवी काढतात. चालेल, फक्त प्रत्येक पीओवर ‘अमुक तारखेच्या कराराच्या परिशिष्टानुसार दर’ एवढा उल्लेख हवा.

कलमाची भाषा अशी ठेवता येईल. तुमचा करार बहुधा इंग्रजीत असेल, वकिलांना हा मजकूर द्या, ते त्याला त्यांच्या साच्यात बसवतील:

“मासिक शुल्क १ एप्रिल २०२६ पासून १,०७,००० रुपये राहील. १ एप्रिल २०२७ पासून दरवर्षी १ एप्रिल रोजी ते लगतच्या आधीच्या वर्षाच्या मासिक शुल्काच्या सात टक्क्यांनी वाढेल, आणि वर्षनिहाय रकमा परिशिष्ट ‘अ’ मध्ये दिल्याप्रमाणे असतील. ही वाढ आपोआप लागू होईल, त्यासाठी स्वतंत्र सूचना किंवा संमती आवश्यक राहणार नाही. एखादं बिल जुन्या दरानं दिलं गेल्यास अथवा पर्चेस ऑर्डर सुधारण्यास विलंब झाल्यास वाढीचा हक्क सोडला असं मानलं जाणार नाही आणि फरकाची रक्कम मागता येईल. शुल्काबाबत हा करार आणि पर्चेस ऑर्डर यांत तफावत असल्यास हा करार ग्राह्य राहील. जीएसटी प्रचलित दरानं वेगळा आकारला जाईल.”

यातले ‘लगतच्या आधीच्या वर्षाच्या’ हे तीन शब्द सांभाळा. खरेदी विभाग कधी कधी त्याजागी ‘मूळ शुल्काच्या’ असं करून मसुदा परत पाठवतो आणि टक्का तोच दिसतो म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. मूळ रकमेवर सात टक्के म्हणजे दरवर्षी फक्त ७,४९० रुपयांची वाढ, पाचव्या वर्षीही तेवढीच. त्या वर्षी तुम्ही दरमहा सुमारे ३,३०० रुपयांनी मागे असाल. मसुदा परत आला की आधी हे शब्द शोधायचे, मग बाकीचं वाचायचं.

‘आपोआप’ शब्दावर ते अडतील. त्यांना वाटेल, काम वाईट झालं तरी वाढ द्यायची का? हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर वाढ रोखण्यात नाही. दोन्ही बाजूंना नव्वद दिवसांची नोटीस देऊन करार संपवण्याची मुभा ठेवा. काम पटलं नाही तर ते तुम्हाला काढू शकतात, हे लिहून दिलं की आपोआप वाढीची भीती उरत नाही. आणि ही मुभा तुमच्याही कामाची आहे: नऊऐवजी चौदा टक्के पगारवाढ द्यावी लागली, असं वर्ष आलं तर सात टक्क्यांचं कलम तुम्हाला वाचवणार नाही, हे मोकळेपणी सांगते. ठरावीक टक्का नेहमीच्या वर्षांसाठी असतो. तशा अवघड वर्षी तुमच्या हातात ती नोटीसच असते.

कायद्यानं वाढणारा खर्च मात्र वेगळा लिहून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या बदलली. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर तो जास्तीचा भाग वेतनात धरला जातो, आणि त्याचा परिणाम ग्रॅच्युइटीसारख्या देण्यांवर होतो. तुमच्या दोघांच्या पगाराची मांडणी कशी आहे ते तुमच्या सीएंना आत्ताच दाखवा, म्हणजे जो फरक पडायचा तो १,०७,००० च्या पायात धरता येईल. पुढे असा काही नवा बदल आला तर त्याचा प्रत्यक्ष खर्च कागद दाखवून वेगळा मिळेल, असं एक वाक्य पुरे. रिमोट सॉफ्टवेअरचं लायसन्स डॉलरमध्ये येत असेल तर तेही शुल्कातून काढून ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ करता येतं, पण तुमच्याकडे ती रक्कम लहान आहे. त्यावरून घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. ती सोडून द्यायची गोष्ट म्हणून हाताशी ठेवा.

बोलायला केव्हा जायचं? मार्चमध्ये नाही. बहुतेक कारखान्यांत पुढच्या वर्षाचं बजेट फेब्रुवारीत बंद होतं आणि नंतर खरेदी व्यवस्थापकाला मनात असूनही काही करता येत नाही. जानेवारी संपायच्या आत एका पानाचा ई-मेल जाऊ द्या: वर ६० आणि ७८ ची तुलना, खाली पाच वर्षांचा तक्ता, शेवटी नव्वद दिवसांच्या नोटिशीचा उल्लेख. तुमचा नफा किती, हे त्या पानावर कुठेही नको. खर्चाची फोड मागितली तर पगार आणि इतर खर्च यांचं साधारण प्रमाण सांगा, रकमा नाही.

या तक्त्यात व्यवस्थापकांसाठीही काही आहे, ते त्यांना दाखवून द्या. खरेदीच्या माणसाचं वर्षाचं मूल्यमापन बचतीवर होतं, आणि ‘वाढ दिली’ हे त्याच्या खात्यावर वजाबाकीसारखं बसतं. आठ टक्क्यांचा तक्ता आधी पाठवा आणि त्यांच्या आग्रहावरून सातवर या. हा एक टक्का त्यांना वर दाखवता येतो. शिवाय पाच वर्षांचा आकडा आज पक्का झाला की त्यांना बजेटमध्ये अंदाज बांधावा लागत नाही. मी खुर्चीत असते तर मला सातचा पक्का तक्ता हा शून्य टक्के आणि दरवर्षीच्या कटकटीपेक्षा आवडला असता. पण हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून मीही ‘बसून बोलू’ म्हणत राहिले.

आणि त्यांनी सगळं ऐकूनही कलम नाकारलंच, तर पाच वर्षांवर सही करू नका. १,०७,००० वर एका वर्षाचा करार द्या. ते म्हणतील, दरवर्षी नवी पीओ, नवी मंजुरी, फार काम पडेल. तेव्हा त्यांना पाच ओळींचा तक्ता पुन्हा दाखवायचा.